काटकोनी क्रँकच्या टेकूवरचा भार

वसई रोडला दिव्याकडून येणारा मार्ग मुंबई–विरार मार्गाला मिळतो. अशा ठिकाणी गाडीला रूळ बदलून देणारे सांधे लागतात. यांत्रिक केबिनच्या काळात केबिनमधल्या खटक्याची ओढ लोखंडी गजांनी सांध्यापर्यंत जाई. गज रुळांच्या कडेने धावत. सांधा मात्र रुळांना आडवा सरकतो. ही दिशा बदलण्याचे काम जमिनीलगत बसवलेला काटकोनी क्रँक करतो. इंग्रजीत त्याला बेल क्रँक म्हणतात, कारण घरातली घंटा वाजवणारी तार कोपऱ्यावरून वळवायला तो वापरत. 

क्रँक रुळांच्या पूर्वेला आहे असे समजू. त्याचा एक हात पूर्वेला, दुसरा उत्तरेला; दोन्ही सारख्या लांबीचे. केबिनचा गज पूर्वेकडच्या हाताला दक्षिणेकडे 1000 न्यूटनने, म्हणजे सुमारे 100 किलो वजनाइतक्या जोराने ओढतो. घर्षण सोडले, तर सांध्याचा गज उत्तरेकडच्या हाताला पश्चिमेकडे तितकाच ओढून धरतो. दोघांची आघूर्णे एकमेकांना तोलतात, पण बले एकमेकांना रद्द करत नाहीत. दोन्ही मिळून क्रँकला नैर्ऋत्येकडे खेचतात आणि टेकूची पिन त्याला ईशान्येकडे रेटून थोपवते. काटकोनामुळे हा जोर वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाइतका, म्हणजे 1414 न्यूटन होतो. कोणत्याही एका गजापेक्षा पिनेवर जास्त भार येतो, तोही दोन्ही गजांच्या दिशा सोडून 45 अंशांच्या तिरक्या रेषेत. हात असमान असतील, तर ही रेषा जास्त बल असलेल्या गजाकडे झुकते.

म्हणून झीजही तिरकी होते. ओढताना क्रँकचे भोक पिनेच्या ईशान्य अंगावर, दोन हातांच्या बेचक्यात टेकते; गज उलट ढकलला की नैर्ऋत्य अंगावर. सांधा दोन्ही दिशांना फिरवावा लागत असल्याने पिनेची ही दोन अंगे खरवडली जातात. एकाच गजाच्या रेषेत क्रँक हलवून पाहिला, तर मोकळीक खरी आहे त्यापेक्षा कमी वाटते. ती तिरक्या रेषेतच तपासायला हवी.

या रेषेत 1 मिमी मोकळीक असेल, तर टेकू दोन्ही दिशांना सुमारे 0.7 मिमी सरकतो. केबिनचा गज जागच्या जागी राहिला, तर क्रँक थोडा फिरून सांध्याकडच्या टोकाला आणखी 0.7 मिमी देतो. म्हणजे सांध्यापाशी 1.4 मिमी हालचाल हरवते. वाटेत असे अनेक क्रँक असले की ही हानी साठत जाते: खटका पूर्ण फिरतो, सांधा रुळाला घट्ट चिकटत नाही.

क्रँकची बैठक ढिली झाली तरी लक्षण हेच दिसते, कारण पिनेवरचा सगळा जोर शेवटी बैठकीच्या बोल्टांतून पायात उतरतो. पिन बदलण्याआधी एकाने खटका पुढेमागे करावा आणि दुसऱ्याने बैठकीवर हात ठेवावा. बैठक हलली, तर आधी बोल्ट बघायचे. बैठक स्थिर राहून क्रँक तिरका सरकला, तर दोष पिनेत किंवा बुशमध्ये आहे.