विश्लेषण : नियंत्रण कामाआधी, काम चालू असताना की नंतर? दूध प्रकल्पाच्या उदाहरणातून समजून घ्या

व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकेत नियंत्रणावरील प्रश्न सोपे वाटतात, पण गुण तिथेच जातात. फीडफॉरवर्ड म्हणजे आधी, कन्करंट म्हणजे चालू असताना आणि फीडबॅक म्हणजे नंतर, एवढे बहुतेकांचे पाठ असते. पण उदाहरण देऊन प्रकार विचारला की उत्तर डळमळते. ‘आधी’ म्हणजे नेमके कशाच्या आधी, हे ठरवले नाही तर तिन्ही पर्याय बरोबर वाटू लागतात.

तीन प्रकार प्रत्यक्षात कसे दिसतात?

दूध पिशवीबंद करणारा एखादा प्रकल्प घेऊ. सकाळी टँकर येतो. दूध उतरवण्यापूर्वी त्याचे तापमान, वास, फॅट आणि एसएनएफ तपासले जाते. थोडे दूध परीक्षानळीत उकळून ते फुटते का, हेही पाहिले जाते. फुटले तर त्यात आम्लता वाढलेली असते आणि टँकर परत जातो. प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच अडथळा दूर केल्यामुळे हे फीडफॉरवर्ड नियंत्रण. यंत्रांची ठरलेल्या वेळी देखभाल आणि कामगारांचे प्रशिक्षणही याच गटात येते.

स्वीकारलेले दूध पाश्चरायझरमध्ये जाते. सलग प्रवाहाच्या पद्धतीत दूध किमान ७२ अंश सेल्सियसपर्यंत तापवून किमान १५ सेकंद त्याच तापमानात ठेवावे लागते. हे १५ सेकंद ते एका लांब नळीतून वाहत असते. तिला होल्डिंग ट्यूब म्हणतात. नळीच्या शेवटी तापमापक असतो. तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेले की झडप आपोआप फिरते आणि दूध पुढे न जाता सुरुवातीच्या टाकीत परतते. काम थांबवावे लागत नाही आणि सदोष दूधही पुढे सरकत नाही. हे कन्करंट, म्हणजेच समवर्ती नियंत्रण.

शेवटी तयार दुधाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. कच्च्या दुधात फॉस्फेटेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम असते. पाश्चरायझेशन नीट झाले की ते निष्क्रिय होते. म्हणून चाचणीत ते सक्रिय आढळले, तर दूध पुरेसे तापलेले नाही किंवा त्यात कच्चे दूध मिसळले आहे, असा अर्थ होतो. काम पूर्ण झाल्यावर निकाल पाहिला जातो, म्हणून हे फीडबॅक नियंत्रण. ग्राहकांच्या तक्रारी आणि परत आलेल्या पिशव्यांची नोंदही याच प्रकारात मोडते.

मग गोंधळ कुठे होतो?

टँकरची तपासणी प्रकल्पासाठी फीडफॉरवर्ड आहे. पण तेच दूध ज्या संकलन केंद्राने थंड करून पाठवले, त्या केंद्राच्या दृष्टीने ती फीडबॅक ठरते, कारण त्याचे काम संपले आहे. चाचणी एकच, पण ती कोणत्या प्रक्रियेच्या संदर्भात पाहायची, यावर तिचा प्रकार ठरतो.

होल्डिंग ट्यूबच्या तापमापकाचेही तसेच. त्याच्या आकड्यावर झडप फिरते तेव्हा तो समवर्ती नियंत्रणाचा भाग असतो. तोच आकडा तक्त्यावर नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक तो तक्ता वाचतो, तेव्हा ते फीडबॅक होते. म्हणजे उपकरणावरून किंवा चाचणीच्या नावावरून प्रकार ओळखता येत नाही. प्रश्नात प्रक्रिया कोणती आणि माहिती कोणत्या क्षणी वापरली जाते, हे आधी शोधावे लागते.

तापमान बरोबर असूनही दूध सदोष कसे?

समजा, एके दिवशी फॉस्फेटेज चाचणीत दोष आढळला. तापमानाच्या तक्त्यावर मात्र दिवसभर ७२ अंशांची रेषा दिसते. इथे नियंत्रण प्रक्रियेच्या पायऱ्या एकेक करून पाहता येतात.

पहिली पायरी प्रमाण निश्चित करण्याची. इथे प्रमाण दुहेरी आहे : ७२ अंश आणि १५ सेकंद. दुसरी पायरी प्रत्यक्ष कामगिरीच्या मोजमापाची. तापमान सतत मोजले जात होते, पण वेळ मोजली जात नव्हती. नळीची लांबी ठरलेली आहे म्हणून वेळही ठरलेली, असे गृहीत धरले होते. तिसरी पायरी तुलनेची. तक्त्याशी तुलना केली तर विचलन शून्य आणि प्रयोगशाळेच्या निकालाशी केली तर विचलन स्पष्ट.

चौथी पायरी विचलनाच्या विश्लेषणाची, आणि खरा कस इथेच लागतो. शक्यता तीन. तापमापक चुकीचा आकडा दाखवत असेल. उष्णता विनिमयाच्या प्लेटला बारीक तडा जाऊन कच्चे दूध तयार दुधात मिसळत असेल. किंवा दूध नळीतून फार वेगाने जात असेल. आपल्या उदाहरणात जुना पंप नुकताच बदललेला आहे. आधी प्रवाह ताशी ५,००० लिटर होता. म्हणजे १५ सेकंदांत सुमारे २०.८ लिटर दूध पुढे सरकते, आणि तेवढेच नळीत मावते. नवा पंप ताशी ७,५०० लिटर ढकलतो. गरम पाणी वाढवल्यामुळे तापमान ७२ अंशांवर टिकले, पण तीच नळी दूध आता १० सेकंदांत पार करते. झडपेला फक्त तापमान कळते, वेळ कळत नाही. त्यामुळे समवर्ती नियंत्रण चोख चालूनही दोष निसटला.

पाचवी पायरी सुधारात्मक कृतीची. त्या दिवसाचे दूध बाजारात जाऊ न देणे ही तातडीची कृती. पंपाचा वेग पूर्ववत करून तो कुणालाही वाढवता येणार नाही असा बंद करणे, ही कारणावरची कृती. यापुढे पंप किंवा नळी बदलली की उत्पादन सुरू करण्यापूर्वी धारणकाळ मोजायचा, असा नियम केला तर फीडबॅकमधून मिळालेला धडा पुढच्या वेळी फीडफॉरवर्ड नियंत्रण बनतो.

फीडबॅकची मर्यादाही यातच दिसते. चाचणीचा निकाल येण्यापूर्वी पिशव्या गाडीत चढल्या असतील, तर दूध परत मागवण्यापलीकडे फारसे काही हाती उरत नाही, आणि तोवर काही घरांत ते प्यायलेही गेलेले असते. उलट, फीडफॉरवर्डला बिघाड कुठे होऊ शकतो याचा अंदाज आधीच असावा लागतो. पंप बदलल्याने वेळ घटेल हे कुणाच्या लक्षातच आले नाही, तर तो कामाचा नाही. म्हणून एक प्रकार दुसऱ्याची जागा घेत नाही.

परीक्षेत पायऱ्या किती लिहायच्या?

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात वरीलप्रमाणे पाच पायऱ्या आहेत. कून्ट्झ यांच्या पाठ्यपुस्तकात तीनच आहेत : प्रमाण ठरवणे, मोजमाप आणि विचलन दुरुस्त करणे. रॉबिन्स यांच्या पुस्तकातही तीन, पण त्या मोजमाप, तुलना आणि कृती अशा. तिथे प्रमाणे नियोजनातून तयारच आली आहेत, असे धरले जाते. आशय एकच, विभागणी वेगळी. त्यामुळे ‘पहिली पायरी कोणती’ असा प्रश्न आला, की पर्यायांत ‘प्रमाण निश्चित करणे’ आहे का हे प्रथम पाहावे. असेल तर उत्तर तेच, नसेल तर ‘मोजमाप’.

क्रम लावण्याच्या प्रश्नात विश्लेषण आणि सुधारणा यांची अदलाबदल हमखास होते. तापमापक बदलून मोकळे झाले असते, तर पंप तसाच धावत राहिला असता, हे आठवले की विश्लेषण आधी का, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.