क्रॅशच्या नोंदीतलं दुसरं नाव

नवा गेम डाउनलोड होतो, ‘प्ले’वर क्लिक होतं, दोन-तीन सेकंद काळी खिडकी दिसते आणि खेळणारा पुन्हा डेस्कटॉपवर येतो. कधी कधी तर एरर मेसेजही येत नाही. मग गेम काढून पुन्हा टाकला जातो, म्हणजे ऐंशी-नव्वद जीबी पुन्हा उतरवायचे. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला जातो, गेम बनवणाऱ्यांना रागाने लिहिलं जातं. आणि अनेकदा गेमच्या फायलींमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. गेम सुरू होत असतानाच दुसरे दोन-तीन प्रोग्रॅम त्याच्या मेमरीत शिरलेले असतात: मित्रांपैकी कोण बोलतंय ते कोपऱ्यात दाखवणारा चॅटचा ओव्हरले, सेकंदाला किती फ्रेम्स पडतात ते सांगणारा आकडा आणि खेळ रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर.

त्यांना आत शिरावं का लागतं? गेम पूर्ण पडदा एकट्याने ताब्यात घेतो, तेव्हा बाहेरच्या प्रोग्रॅमची खिडकी त्याच्यावर दिसेलच याची खात्री नसते. चित्र काढायचं तर गेमच्याच चित्रात मिसळावं लागतं. डायरेक्टएक्सवर चालणारा प्रत्येक गेम एक फ्रेम तयार झाली की `Present` नावाचं फंक्शन हाक मारून ती पडद्यावर पाठवतो. सेकंदाला साठ फ्रेम्स, तर साठ वेळा. ओव्हरलेला नेमकी हीच जागा हवी असते. फ्रेम तयार आहे, अजून पडद्यावर गेलेली नाही, तेवढ्यात तिच्यावर आपला आकडा काढायचा. रेकॉर्डरला त्याच क्षणी तिची प्रत घ्यायची असते.

त्यासाठी हे प्रोग्रॅम आपली एक डीएलएल फाइल गेमच्या प्रोसेसमध्ये घुसवतात. डिस्कॉर्डच्या जुन्या ओव्हरलेची `DiscordHook64.dll`, स्टीमची `GameOverlayRenderer64.dll`, ओबीएसची `graphics-hook64.dll` आणि फ्रेम्सचा आकडा दाखवणाऱ्या रिव्हाट्यूनरची `RTSSHooks64.dll`. आत गेल्यावर ही फाइल `Present`चा पत्ता शोधते आणि त्या फंक्शनचे सुरुवातीचे काही बाइट, बहुधा पाचच, पुसून तिथे ‘आधी माझ्याकडे ये’ अशी उडी लिहिते. पुसलेले बाइट ती स्वतःजवळ जपून ठेवते, म्हणजे आपलं काम झाल्यावर मूळ फंक्शनकडे परत जाता येतं. यालाच हुक म्हणतात.

एकच हुक असेल तर सहसा निभावतं. गोची होते ती दोन-तीन हुक एकाच जागेवर बसल्यावर. पहिल्याने उडी लिहिली, दुसऱ्याने त्या उडीलाच मूळ फंक्शन समजून तिच्यावर आपली उडी लिहिली. आता पहिला प्रोग्रॅम काही कारणाने निघून गेला आणि जाताना जुने बाइट परत ठेवून गेला, तर दुसऱ्याजवळ जपलेला पत्ता अशा जागी नेतो जिथे आता काहीच नाही. गेम तिथेच कोसळतो. कधी दोन्ही हुक एकमेकांनाच मूळ समजून हाका मारत राहतात आणि स्टॅक भरून जातो. डायरेक्टएक्स १२ मध्ये काम आणखी नाजूक होतं, कारण ओव्हरलेला `Present`शिवाय गेमची कमांड क्यूही शोधून काढावी लागते आणि चुकीची क्यू हाती लागली तर ग्राफिक्स डिव्हाइसच हातचं जातं.

क्रॅश सुरुवातीलाच का होतो, याचंही उत्तर इथेच आहे. गेम आपलं ग्राफिक्स डिव्हाइस उघडतो, फ्रेम्सची साखळी उभी करतो, त्याच काही क्षणांत सगळे हुक आपापली जागा पकडायला धावतात. त्यात बरेच गेम आधी एखादी छोटी खिडकी उघडतात, ती मोडतात आणि मग खरी उघडतात. पहिल्या खिडकीला धरून बसलेला हुक दुसरीच्या वेळी जुन्याच पत्त्यावर राहिलेला असू शकतो.

दोषी कोण ते कळायला विंडोजची स्वतःची नोंद पुरेशी उपयोगी आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं, विंडोज लॉग्जमधल्या ॲप्लिकेशनवर जायचं आणि क्रॅशच्या वेळेची, १००० क्रमांकाची लाल खुणेची नोंद शोधायची. समजा तिथे हे दिसलं:

```
Faulting application name: Game.exe
Faulting module name: RTSSHooks64.dll
Exception code: 0xc0000005
```

पहिली ओळ गेमचं नाव घेते, कारण कोसळली ती त्याची प्रोसेस. वाचायची असते दुसरी ओळ. कोसळताना ज्या फाइलमधला कोड चालू होता, तिचं नाव तिथे असतं. `0xc0000005` म्हणजे जिथे हात लावण्याची परवानगी नाही त्या मेमरीला हात लावला गेला. रिव्हाट्यूनरचं नाव असं उघड आलं, तर पुढची पायरी सोपी वाटते: आकडा दाखवणं बंद करायचं. पण तेवढ्याने भागत नाही. आकडा दिसेनासा होतो, डीएलएल मात्र आत जातच राहते. एमएसआय आफ्टरबर्नर बंद केला तरी त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर घड्याळाशेजारी स्वतंत्र चालू असू शकतो. त्याच्या खिडकीत या गेमची `.exe` फाइल जोडून ‘ॲप्लिकेशन डिटेक्शन लेव्हल’ `None` करावी लागते, किंवा तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करूनच गेम पुन्हा चालवून पाहावा लागतो.

दुसऱ्या ओळीत `ntdll.dll`, `unknown` किंवा खुद्द गेमचंच नाव असेल, तर मात्र ओव्हरले सुटला असं समजू नये. रिकाम्या जागी उडी गेली की तिथे कोणत्याच फाइलचं नाव नसतं. अशा वेळी विंडोजने ठेवलेली `Report.wer` ही फाइल कामी येते. ती `C:\ProgramData\Microsoft\Windows\WER\ReportArchive` या फोल्डरमध्ये सापडते आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात `LoadedModule` ने सुरू होणाऱ्या ओळींची लांबच लांब यादी असते: कोसळताना गेमच्या आत असलेली प्रत्येक डीएलएल. बहुतेक ओळी विंडोजच्या सिस्टिम फोल्डरच्या आणि गेमच्या स्वतःच्या फोल्डरच्या निघतात. उरलेल्या थोड्या ओळींत बाहेरून आलेले सापडतात. लॅपटॉपसोबत आलेल्या ध्वनी-सुधारक नाहिमिकची फाइलही कधी त्यांत असते. तो प्रोग्रॅम आपल्याकडे आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. यादीत असणं म्हणजे गुन्हा नव्हे. पण एकेक बंद करून गेम सुरू केला, की ज्याला बंद केल्यावर गेम चालतो तो कळतो. सगळे एकदम बंद केले तर गेम चालेल, कारण मात्र हाती लागणार नाही.

हा त्रास फक्त खेळणाऱ्यांचा नाही. व्हॉल्व्हने जुलै २०२० मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये ‘ट्रस्टेड मोड’ आणला आणि गेममध्ये शिरणाऱ्या बाहेरच्या फायली अडवायला सुरुवात केली. रोख फसवणूक करणाऱ्यांवर होता, कारण चीटही याच मार्गाने आत येतात. पण ओबीएसचं गेम कॅप्चरही त्यात अडकलं. ओबीएसच्या विकासकांनी तर स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये नको असलेल्या डीएलएलची यादी ठेवली आहे आणि त्यात रिव्हाट्यूनरची फाइल आहे. दुसऱ्यांच्या गेममध्ये हुक घालणाऱ्या रेकॉर्डरलाही स्वतःमध्ये कुणी हुक घातलेला परवडत नाही, हे या तंत्राविषयी बरंच सांगून जातं.

आत न शिरता रेकॉर्ड करण्याची सोयही आता आहे. ओबीएसमध्ये गेम कॅप्चरऐवजी विंडो कॅप्चर निवडून पद्धत `Windows 10 (1903 and up)` ठेवली, तर खिडकीचं चित्र विंडोज स्वतः देते आणि गेमच्या मेमरीला कुणी हात लावत नाही. त्यासाठी गेम बॉर्डरलेस किंवा खिडकीत चालवणं बरं, आणि विंडोज १० वर कॅप्चर होणाऱ्या खिडकीभोवती पिवळी चौकट दिसते. सेकंदाला साठहून जास्त फ्रेम्स नेमक्या टिपायच्या असतील तर गेम कॅप्चर अजूनही सरस ठरतं. आणि बाहेरच्या सगळ्या डीएलएल काढूनही तीच लाल नोंद आली, तर मग खरोखरच ड्रायव्हर, गेमच्या फायली किंवा रॅम तपासायला घ्यावी.