सर्चच्या प्लॅनमधले तीन आकडे

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या १९ तारखेला, दिवाळीच्या ऐन गर्दीत, पुण्यातल्या एका पुस्तक दुकानाच्या मालकांचा फोन आला. त्यांना मी काका म्हणतो. त्यांच्या वेबसाइटचं काम अनेक वर्षं माझ्याकडे आहे. "अरे, सर्चमध्ये काही टाकलं तरी काहीच येत नाही. पुस्तकं दिसतात, विकतही घेता येतात, पण शोधता येत नाहीत."

मी साइट उघडली. पान व्यवस्थित होतं. शोधाच्या चौकटीत लेखकाचं नाव टाकलं, तर खाली नुसती रिकामी जागा. कुठे चूक दाखवणारी ओळही नाही. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडल्यावर कारण दिसलं. प्रत्येक शोधापुढे लाल अक्षरांत `429` लिहिलेलं होतं. "मर्यादेपेक्षा जास्त मागण्या झाल्या" हे सर्व्हरने सांगण्याचा तो ठरलेला आकडा आहे. महिन्याच्या १,००,००० सर्च रिक्वेस्ट १९ दिवसांत संपल्या होत्या.

काकांच्या दुकानाचा शोध त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालत नाही. पुस्तकांची यादी भाड्याच्या सर्च सेवेकडे पाठवलेली असते. ती सेवा यादीचा इंडेक्स बनवते, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते तशी, फक्त प्रत्येक शब्दाची. वाचकाने काही टाइप केलं की प्रश्न थेट त्या सेवेकडे जातो आणि काही मिलिसेकंदांत उत्तर येतं. २०१२ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली अल्गोलिया अशाच सेवांपैकी एक, मायक्रोसॉफ्टची अझ्युर एआय सर्च दुसरी. काकांची सेवा वेगळी होती, पण प्लॅनच्या पानावर बघण्यासारखे आकडे सगळीकडे साधारण तेच असतात: किती रेकॉर्ड, महिन्याला किती सर्च रिक्वेस्ट, आणि किती रेप्लिका. काकांनी आणि मी, दोघांनीही ते आकडे सरळ अर्थाने वाचले होते. तीच चूक झाली.

रिक्वेस्टपासून सुरुवात करतो. आम्ही धरलं होतं की एक वाचक एक पुस्तक शोधतो, म्हणजे एक रिक्वेस्ट. महिन्याला लाखभर शोध आपल्याकडे कुठून होणार? पण काकांच्या साइटवर अक्षर टाइप होता होताच उत्तरं बदलत जातात, आणि तसं व्हायचं तर प्रत्येक अक्षरागणिक नवी रिक्वेस्ट जावी लागते. मराठी कीबोर्डवर "दुर्गा भागवत" टाइप करून बघा. द, उकार, र, हलन्त, ग, काना, मधली मोकळी जागा, भ, काना, ग, व, त. वाचणाऱ्याला ही सहा अक्षरं वाटतात, टाइप करताना बारा कळा दाबाव्या लागतात. शोध एकच, पण रिक्वेस्ट बारा.

आता हिशेब जुळतो. त्या १९ दिवसांत साधारण ३,००० लोकांनी सर्च वापरला. प्रत्येकाने सरासरी दोन शोध घेतले आणि दर शोधाला बारा कळा दाबल्या असं धरलं, तर ७२,००० रिक्वेस्ट होतात. उरलेल्या २८,००० कुणीही काही न शोधता गेल्या होत्या. शोधाचं पान उघडलं की चौकटीखाली आधीच पुस्तकं दिसावीत म्हणून आम्ही वापरलेली तयार लायब्ररी एक रिकामा प्रश्न स्वतःहून पाठवते. पान उघडलं की एक रिक्वेस्ट, मग वाचक काही शोधो वा न शोधो. गुगलसारख्यांचे रोबो ते पान वाचायला आले आणि त्यांनी त्यातली जावास्क्रिप्ट चालवली, तर तीही मोजली जाते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. कळ दाबल्यावर लगेच प्रश्न न पाठवता ३०० मिलिसेकंद थांबायचं, तेवढ्यात पुढची कळ आली तर पुन्हा थांबायचं. माणूस टाइप करताना मधेच क्षणभर विसावतो, तेव्हाच प्रश्न जातो. बाराच्या जागी तीनेक रिक्वेस्ट होतात आणि वाचकाला फरक जाणवतही नाही. पान उघडताना जाणारा रिकामा प्रश्न बंद केला, तिथे आमच्याच डेटाबेसमधली नवी पुस्तकं दाखवली. त्याच १९ दिवसांचा हिशेब या पद्धतीने मांडला तर १८,००० रिक्वेस्ट येतात. म्हणजे ८२,००० रिक्वेस्ट नुसत्या वाया गेल्या होत्या. आम्ही तातडीने वरचा प्लॅन घेतला असता, तर दर महिन्याला त्या वाया जाण्याचेच पैसे भरत बसलो असतो.

रिक्वेस्ट संपल्यावर काय होतं हे मात्र प्लॅन घेण्याआधीच विचारून ठेवा. काही सेवा शोध बंद करतात, काही चालू ठेवतात आणि जादा वापराचं बिल लावतात. छोट्या दुकानाला दोन्ही महागात पडू शकतं, पण दुसऱ्यात निदान गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही.

रेकॉर्डची गंमत वेगळी आहे. काकांकडे १६,००० पुस्तकं, प्लॅनमध्ये ५०,००० रेकॉर्ड. भरपूर जागा आहे असं वाटत होतं. पण वाचकाला यादी कधी किमतीच्या चढत्या क्रमाने हवी असते, कधी उतरत्या. बऱ्याच सेवा वेग राखण्यासाठी प्रत्येक क्रमाचा वेगळा इंडेक्स बनवून ठेवतात. मूळ एक आणि किमतीचे दोन मिळून तीन इंडेक्स, म्हणजे ४८,००० रेकॉर्ड. उरलेल्या २,००० जागांमध्ये २,००० पुस्तकं मावत नाहीत, फक्त ६६६ मावतात. दिवाळी अंक आणि नव्या पुस्तकांची भर पडून त्या महिन्यात सातशेहून जास्त नवी शीर्षकं आली, आणि शेवटची काही पुस्तकं शोधात आलीच नाहीत. साइटवर त्यांचं पान होतं, किंमत होती, मुखपृष्ठही होतं. फक्त सर्चला ती माहीतच नव्हती. "सगळं जुनं सापडतं, नेमकं नवं सापडत नाही" अशी तक्रार आली, की आधी रेकॉर्डची मर्यादा तपासावी.

मराठीत काम करणाऱ्याला रेकॉर्डची आणखी एक मर्यादा लवकर गाठते, ती म्हणजे आकार. अल्गोलियाच्या मोफत प्लॅनमध्ये एक रेकॉर्ड १० केबीपेक्षा मोठं चालत नाही. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं, पण युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना आणि वेलांटीसुद्धा. म्हणजे जिथे इंग्रजी मजकुराची सुमारे १०,००० अक्षरं मावतात, तिथे मराठीची ३,३०० चिन्हंसुद्धा जेमतेम बसतात. पुस्तकाची प्रस्तावना शोधात हवी असेल, तर तिचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं वेगळं रेकॉर्ड करावं लागतं. मग रेकॉर्डची संख्या पुन्हा वाढते.

क्रम लावण्यासाठी काढलेल्या या प्रतींना अल्गोलिया रेप्लिका म्हणते. अझ्युरच्या पानावरही रेप्लिका हाच शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. हा घोळ मी जाणत्या लोकांचाही होताना पाहिला आहे. पहिली रेप्लिका म्हणजे वेगळ्या क्रमाने लावलेली यादी. ती कितीही काढल्या तरी सर्व्हर बंद पडल्यावर उपयोगाच्या नाहीत, फक्त रेकॉर्डची जागा खातात. दुसरी रेप्लिका म्हणजे त्याच इंडेक्सची हुबेहूब प्रत ठेवणारं दुसरं यंत्र. एक बंद पडलं की दुसरं उत्तर देतं, आणि गर्दी असली तर काम वाटून घेतं.

अझ्युरमध्ये ही रेप्लिका किती घ्यायची हे तुम्हीच ठरवता. एकच घेतली, तर सेवा चालू राहील अशी कोणतीही हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दोन घेतल्या, तर शोध चालू राहण्याची ९९.९ टक्के हमी मिळते. यादीत बदल करणंही त्याच हमीत हवं असेल, तर तीन घ्याव्या लागतात. ९९.९ टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं सेवा बंद राहिली तरी ती हमीच्या आतच असते. बिल रेप्लिका गुणिले पार्टिशन असं येतं. पार्टिशन म्हणजे इंडेक्स साठवण्याच्या जागेचा भाग. दोन पार्टिशन आणि तीन रेप्लिका म्हणजे सहा युनिटांचे पैसे.

अल्गोलियात यंत्रांच्या प्रती मोजाव्या लागत नाहीत, कारण तिचा प्रत्येक क्लस्टर मुळातच तीन सर्व्हरचा असतो. तिघांकडे तोच इंडेक्स. यादीतला बदल तिघांपैकी दोघांनी मान्य केला की पक्का होतो. शोधाला मात्र एक सर्व्हर जिवंत असला तरी पुरतं. वाचकाच्या ब्राउझरमधल्या कोडमध्येच हे पत्ते ओळीने दिलेले असतात, एकाने उत्तर दिलं नाही की पुढचा:

```
APPID-dsn.algolia.net
APPID-1.algolianet.com
APPID-2.algolianet.com
APPID-3.algolianet.com
```

नीट बघितलं तर इथे दोन वेगळी डोमेन आहेत. सर्व्हर शाबूत असूनही डोमेनचा पत्ता सांगणारी यंत्रणाच कोलमडली, तरी दुसऱ्या नावाने शोध चालू राहावा म्हणून ही तजवीज आहे. यंत्रं तीन आणि त्यांच्याकडे जाणारी वाट एकच असेल, तर त्या तीन यंत्रांचा काही उपयोग नाही.

रेप्लिका कोणतीही असो, ती बॅकअप नव्हे. काकांच्या दुकानातल्या एका मुलाने चुकून शंभर पुस्तकं इंडेक्समधून काढली, तर तिन्ही प्रती पुढच्या काही सेकंदांत इमानाने ती शंभर पुस्तकं काढून टाकतील. म्हणून पुस्तकांची मूळ यादी आपल्या डेटाबेसमध्ये ठेवायची, आणि तिच्यावरून इंडेक्स पहिल्यापासून भरायला किती वेळ लागतो हे एकदा प्रत्यक्ष करून बघायचं. आमचा वेळ ११ मिनिटं निघाला. तो आकडा काकांनी गल्ल्याजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

यंदा आम्ही प्लॅन बदलला नाही. किमतीचा उतरता क्रम काढून टाकला, कारण आमच्या नोंदींत तो जवळजवळ कुणी वापरत नव्हतं. आता प्रत्येक पुस्तकाला तीनऐवजी दोनच रेकॉर्ड लागतात आणि दिवाळी अंकांना जागा उरते. वापर ७० टक्क्यांवर गेला की मला आणि काकांना ईमेल येतो. १९ ऑक्टोबरपूर्वी ही सोय कधीच चालू केलेली नव्हती. ती सेवेच्या सेटिंगमध्ये पहिल्या दिवसापासून होती.