एक किलोमीटरच्या आत

आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना एका टप्प्यावर पडद्यावर नकाशा उघडतो. त्यावरचा लाल फुगा सरकवत नेमका आपल्या घरावर आणून ठेवायचा असतो. महा ई-सेवा केंद्रात खुर्चीच्या कडेवर बसलेली आई सांगत असते, "दादा, देवळाच्या मागं, अजून थोडं आत..." आणि केंद्रचालक गल्ली शोधत असतो. फुगा चुकीच्या जागी बसला तर शाळेपर्यंतचं अंतर चुकतं, आणि सोडतीत नाव लागूनही कागदपत्रं तपासताना प्रवेश रद्द होऊ शकतो. कारण सगळा खेळ अंतराचा आहे. घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना पहिली पसंती, तिथे जागा उरल्या तर तीन किलोमीटरपर्यंतच्या मुलांना.

शाळा समाजात नेमकं काय करते, या प्रश्नावर शिक्षणाच्या समाजशास्त्रात दोन मोठी घराणी आहेत. एक प्रकार्यवादी, दुसरं संघर्षवादी. परीक्षेच्या पुस्तकांत दोन्ही समोरासमोरच्या रकान्यांत बसवलेली असतात आणि विद्यार्थी ती तशीच पाठ करतात. मला मात्र ही दोन्ही या एका किलोमीटरच्या आत जास्त चांगली समजली.

प्रकार्यवाद्यांचं म्हणणं आधी पाहू. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याच्या लेखी शाळा ही घर आणि राष्ट्र यांच्या मधली पायरी होती. घरात नियम मायेने वाकतात, शाळेत ते सगळ्यांना सारखेच लागू होतात. त्यातूनच मूल अनोळखी माणसांबरोबर एका समाजात राहायला शिकतं. हाच धागा अमेरिकेच्या टॅल्कॉट पार्सन्स याने 1959 साली शाळेच्या वर्गावरच्या एका लेखात पुढे नेला. त्याच्या मते प्राथमिक शाळेचा वर्ग दोन कामं एकदम करतो. मुलांच्या मनात समाजाची मूल्यं रुजवतो, आणि कोण पुढे कुठल्या कामाला जाणार याची निवडही करायला लागतो. घरी मूल लाडकं असतं ते आपलं म्हणून. वर्गात सगळ्यांसमोर तेच गणित असतं, तीच मोजपट्टी असते. त्यामुळे मागे पडलेल्या मुलालाही निकाल न्याय्य वाटतो आणि समाज टिकून राहतो.

हा लेख नीट वाचला की त्यात एक गोष्ट हाताला लागते. वर्गातली शर्यत बरोबरीने सुरू होते असं पार्सन्स म्हणतो, ते कशाच्या आधारावर? मुलं एका वयाची असतात, आणि एकाच वस्तीतून आलेली असल्यामुळे त्यांची घरंही बरीचशी सारखी असतात. म्हणजे बरोबरी शाळेने आणलेली नाही, वस्तीने आधीच करून दिलेली आहे. गरीब वस्तीतली मुलं त्यांच्या शाळेत, श्रीमंत वस्तीतली त्यांच्या. पार्सन्सने बोस्टन परिसरातल्या 3,348 मुलग्यांची माहितीही वापरली होती. हुशारी वाढते तसा कॉलेजला जाण्याचा विचार वाढतो, हे तीत दिसत होतं. पण वडिलांचा व्यवसायही तितक्याच ठसठशीतपणे दिसत होता. सगळ्यात हुशार गटातसुद्धा मोठ्या हुद्द्यावरच्या बापाची बहुतेक मुलं कॉलेजकडे बघत होती आणि कामगाराच्या मुलांमध्ये ते प्रमाण खूपच खाली होतं. पार्सन्सने हे लपवलं नाही. हुशारीलाही स्वतंत्र वजन आहे, यावर बोट ठेवून तो पुढे गेला.

संघर्षवादी तिथेच थांबतात. सॅम्युएल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस यांनी 1976 साली मांडलं, की शाळेतली शिस्त, वेळेचं बंधन, वरच्याचं ऐकणं हे सगळं कारखान्याच्या आणि कचेरीच्या उतरंडीची रंगीत तालीम असते, आणि कामगारांच्या मुलांना मिळणारी तालीम साहेबांच्या मुलांना मिळणाऱ्या तालमीपेक्षा वेगळी असते. फ्रान्समध्ये पिएर बोर्द्यू याने घरातून आलेल्या भाषेकडे, वागण्याबोलण्याकडे लक्ष वेधलं. शाळा ज्याला 'हुशारी' म्हणते त्यातलं बरंचसं काही घरांतून आयतं आलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. त्याने त्याला सांस्कृतिक भांडवल हे नाव दिलं. पण ही पुस्तकं येण्याच्या किती तरी आधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढच्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वर शिकलेल्यांकडून ज्ञान झिरपत खाली येईल ही आशा खोटी आहे. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हा संघर्षवादाचा मूळ प्रश्न आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे विचारला गेला होता.

आता पुन्हा त्या नकाशाकडे. पार्सन्सची एकसारखी वस्ती आपल्या शहरांत सापडत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात एका किलोमीटरच्या वर्तुळात मोठी सोसायटी असते आणि तिच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्या असतात. वस्ती एकच, तरी सकाळी एक मूल स्कूल बसमध्ये चढतं आणि दुसरं महापालिकेच्या शाळेकडे चालत जातं. इथे मुलांना वेगळं करण्याचं काम शाळाच करते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बोट ठेवलं ते इथेच. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान पंचवीस टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आणि सरकारने शाळेला त्याचा परतावा द्यायचा. केंद्राने 2010 साली केलेल्या नियमांत तर या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवायचं नाही, असंही लिहून ठेवलं. एका बाकावर बसलेली मुलं एका समाजाची होतील, हा दुर्खीमचा विश्वास जणू भारतीय नियमावलीत उतरला.

तो विश्वास भाबडा आहे का? याची एक सुरेख तपासणी दिल्लीत झाली आहे. तिथल्या अनेक खासगी शाळांना 2007 पासून गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी अशा शाळांतल्या सधन मुलांचा अभ्यास केला. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यातला एक प्रयोग रिले शर्यतीचा होता. मुलांनी आधी पळून दाखवायचं, मग जोडीदार निवडायचा. समोर दोन पर्याय: एक सरकारी शाळेतलं, पण जास्त वेगाने पळणारं मूल, दुसरं आपल्यासारख्या घरातलं, पण हळू पळणारं. बक्षीस 50 रुपयांचं असताना जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी हळू पळणारं, 'आपल्यातलं' मूल निवडलं. बक्षीस 500 रुपये केल्यावर तसं करणारी शंभरात सहाच्या आसपास उरली. आणि ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती त्यांच्यात हा भेदभाव मुळातच कमी होता. मैत्री कशी जुळली, याचाही माग लागला. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पडतात. ज्या सधन मुलाच्या नावाजवळ गरीब मुलाचं नाव आलं त्याच्यात बदल जास्त दिसला. सधन मुलांचे इंग्रजीचे गुण थोडे कमी झाले, हिंदी आणि गणितावर परिणाम दिसला नाही.

म्हणजे वर्गाचं दार उघडलं आणि मुलांना खरोखर शेजारी बसवलं, तर प्रकार्यवादी सांगतात ते घडतं. संघर्षवाद्यांनी या निष्कर्षाला गंभीरपणे सामोरं जायला हवं असं मला वाटतं, कारण शाळा फक्त उतरंडच पुढे चालवत असेल तर हे घडायला नको होतं.

पण ते दार उघडं राहतं का, हे समजून घ्यायला संघर्षवादच लागतो. महाराष्ट्र सरकारने 9 फेब्रुवारी 2024 रोजी नियमात बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा जवळ नसेल असा कोपरा सापडणं अवघड. सरकारी शाळा असताना खासगी शाळांना परतावा कशाला, हा सरकारचा मुद्दा विचार करण्यासारखा होता. परताव्याची थकबाकी ही शाळांची जुनी तक्रार होतीच. पण परिणाम पाहा. सरकारी आणि अनुदानित शाळा धरून यादीतल्या जागा नऊ लाखांच्या आसपास गेल्या, आणि अर्ज एक लाखापर्यंतही पोचले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो रद्द केला. जुन्या नियमाने प्रक्रिया झाली तेव्हा जागा सुमारे एक लाख होत्या आणि अर्ज दोन लाखांच्या वर.

पालकांनी या दोन आकड्यांतून जे सांगितलं ते दोन्ही घराण्यांना ऐकण्यासारखं आहे. शाळेची जागा तर सरकारी शाळेतही होती. पालकांना हवा होता तो सोसायटीतल्या मुलाशेजारचा बाक, आणि त्याच्याबरोबर येणारं इंग्रजी, ओळखी, आत्मविश्वास. नियम बदलून काढून घेतलं गेलं ते नेमकं हेच.

प्रवेश मिळाल्यावरही बोर्द्यूचं भांडवल बाकावर सोबत येतं. घरचा अभ्यास इंग्रजीत, मोबाइलच्या गटावर आलेली सूचना इंग्रजीत, प्रकल्पासाठी रंगीत प्रिंट हवी. कायद्याने फी माफ आहे. व्हॅनचे, सहलीचे, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचे पैसे अनेक घरांना भरावेच लागतात. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला साधारण 8,300 रुपये. एवढ्यात शहरात घर चालवणाऱ्या आईने प्रिंटचे वीस रुपये कुठून काढायचे, हे बाईंना वर्गातून दिसत नाही. त्यांना दिसतो तो न आणलेला प्रकल्प, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो: अभ्यासात लक्ष हवे. तो शेरा मोजपट्टीप्रमाणे बरोबर असतो. पार्सन्सची सारखी मोजपट्टी इथे विषमतेला गुणांचं रूप देते.

आणि मग आठवी येते. कायद्याचा हक्क प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. पहिलीत सोडतीने आलेला मुलगा आणि आद्याक्षर जुळल्याने त्याच्या शेजारी बसलेला सोसायटीतला मुलगा, दोघंही चौदाच्या आसपासचे झालेले असतात. समजा गणितात दोघांना सारखे गुण आहेत. पार्सन्सच्या हिशेबाने निवड प्राथमिक वर्गांतच बरीचशी झालेली असते, तिच्यावर शिक्का बसण्याची वेळ आता येते. अजून नववी, दहावी, बोर्डाची परीक्षा व्हायची आहे. जूनमध्ये एकाच्या घरी नवीन वह्यांना कव्हरं घातली जात असतात. दुसऱ्याची आई शाळेच्या खिडकीपाशी उभी असते, हातात नववीच्या पूर्ण फीचा कागद, आणि आतल्या बाईंना विचारत असते, की दाखला काढायचा असेल तर अर्ज कुणाच्या नावाने करायचा.