‘फुल अँड फायनल’ लिहिलेला चेक

येणे चार लाख ऐंशी हजार. चेक आला तीन लाख दहा हजारांचा, आणि सोबतच्या पत्रात एक ओळ: ही रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून पाठवीत आहोत. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात असे पत्र न पाहिलेला माणूस विरळा. चेक घ्यावा तर उरलेल्या एक लाख सत्तर हजारांवर पाणी सोडल्यासारखे होते, परत करावा तर हातातली रक्कमही जाते. न्यायालये या पेचाकडे निदान चारशे वर्षे पाहत आली आहेत. त्यांची उत्तरे काळाबरोबर बदलली, आणि भारताचे उत्तर इंग्लंडच्या उत्तरापासून फार लवकर फुटले.

इंग्लंडमधली सुरुवात 1602 सालच्या पिनेलच्या खटल्यात सापडते. कोल नावाच्या कर्जदाराकडे पिनेलचे साडेआठ पौंड येणे होते. त्याने मुदतीआधी पाच पौंडांहून थोडे अधिक दिले आणि हिशेब मिटला असे सांगितले. न्यायालयाने त्या वेळी जो नियम मांडला तो पुढे पक्का झाला: ठरल्या दिवशी कमी रक्कम दिली, तर धनकोने ती कितीही खुशीने घेतली तरी सारे कर्ज फिटत नाही. पैशाऐवजी घोडा, ससाणा किंवा अंगरखा दिला तर फिटू शकते, कारण त्या वस्तूची किंमत धनकोला पैशापेक्षा जास्त वाटली असेल. मुदतीआधी दिलेले पैसेही चालतात. म्हणजे कोलचा बचाव मुळात बरोबर होता, पण तो नीट मांडला गेला नाही आणि तो हरला! 1884 मध्ये फोक्स विरुद्ध बीअर या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने हाच नियम कायम केला. बीअरबाईंनी न्यायालयाने ठरवलेली रक्कम हप्त्यांनी घेण्याचे आणि पुढे कारवाई न करण्याचे लिहून दिले होते. तरीही त्यांना वरचे व्याज मिळाले. व्याज सोडण्याच्या बदल्यात त्यांना काहीच मिळाले नव्हते, हे त्यामागचे कारण.

त्याच्या बारा वर्षे आधी भारतात हा नियम कायदा करून बाजूला सारला गेला होता. 1872 च्या करार कायद्याचे कलम 63 सांगते की ज्याला वचन दिले आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, मुदत वाढवू शकतो, किंवा वचनाऐवजी त्याला योग्य वाटेल ते स्वीकारू शकतो. बदल्यात काही मिळालेच पाहिजे अशी अट नाही. कलमाखालचे उदाहरण तर आजच्या चेकसाठीच लिहिल्यासारखे आहे: अ याच्याकडे ब याचे पाच हजार येणे आहे, ठरल्या वेळी, ठरल्या जागी अ दोन हजार देतो आणि ब ते सगळ्या कर्जाच्या फेडीत घेतो, सारे कर्ज संपते. त्यामुळे इंग्लंडमध्ये वकील जो वाद घालत तो इथे उरला नाही. कमी रकमेत जास्त येणे मिटू शकते का, याचे उत्तर इथे सरळ ‘हो’ आहे. वाद उरतो तो एवढाच की घेणाऱ्याने ती रक्कम खरोखर फेड म्हणून घेतली का. कलम सगळा भार ‘स्वीकारले’ या एका क्रियेवर टाकते, आणि पुढच्या दीडशे वर्षांतले निकाल या क्रियेचा अर्थ लावत राहिले.

त्या कलमाखालच्या आणखी एका उदाहरणात पैसे कर्जदाराऐवजी तिसराच माणूस देतो, आणि धनकोने ते फेड म्हणून घेतले तर कर्ज संपते. यावरचा गाजलेला निकाल वऱ्हाडच्या राजपुत्राशी जोडलेला आहे. हे राजपुत्र म्हणजे निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह. त्यांनी कपूरचंद गोधा या जवाहिऱ्याकडून दागिने घेतले होते आणि व्याजासकट येणे सत्तावीस लाखांच्या वर गेले होते. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर राजपुत्राच्या कर्जांची तपासणी झाली, वीस लाख मंजूर झाले आणि सरकारने ते दिले. गोधांनी पैसे घेतले, वचनचिठ्ठ्यांवर पूर्ण फेड झाल्याची नोंद केली, आणि मग उरलेल्या रकमेसाठी राजपुत्रावर दावा लावला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लिखित नोंद इतकी स्वच्छ असताना दुसरा निकाल लागणे कठीण होते. इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही 1911 मध्ये हिराचंद पूनमचंद या भारतातल्या सावकारी पेढीच्या खटल्यात हेच सांगितले होते: लष्करी अधिकाऱ्याच्या वडिलांनी तडजोड म्हणून पाठवलेला ड्राफ्ट वटवल्यावर मुलाकडे बाकी मागता येत नाही.

पण बहुतेक धनको अशी स्वच्छ नोंद करून देत नाहीत. ते चेक बँकेत भरतात आणि मग तक्रार करतात. याबद्दल 1889 च्या डे विरुद्ध मॅक्ली या इंग्रजी निकालाने घेतलेली भूमिका मला अजूनही समंजस वाटते. घेणाऱ्याने चेक वटवला, पण लगेच ‘खात्यावर जमा’ अशी पावती धाडली. न्यायालय म्हणाले की चेक ठेवून घेतला एवढ्यावरून तडजोड सिद्ध होत नाही. घेणाऱ्याचा हेतू काय होता हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावरून पाहावे.

भारतात ही मुभा 2006 मध्ये बरीच आवळली गेली. भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात रेल्वेने मालाच्या भरपाईचे चेक पाठवले होते, मागणीपेक्षा कमी रकमेचे. सोबतच्या पत्राचा मतलब असा: प्रस्ताव मान्य नसेल तर चेक ताबडतोब परत करा, ठेवलात किंवा वटवलात तर पूर्ण व अंतिम समाधान झाले असे धरले जाईल. व्यापाऱ्याने चेक वटवले आणि बाकीसाठी भांडत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने करार कायद्याचे कलम 8 पुढे आणले: प्रस्तावासोबत आलेला मोबदला घेणे म्हणजे प्रस्तावच स्वीकारणे. न्यायालयाच्या मते नापसंती चेक वटवण्याआधी कळवलेली असली पाहिजे. आधी वटवून नंतर निषेध केला तर स्वीकार पूर्ण झालेला असतो आणि मत बदलायला वाव राहत नाही. आपला निषेध आधीचा होता हे व्यापाऱ्याला दाखवता आले नाही.

या निकालाने सगळा प्रश्न दोन तारखांवर आणून ठेवला. वर सांगितलेल्या चार लाख ऐंशी हजारांच्या प्रकरणात, समजा, चेक एका कंत्राटदाराकडे पाच तारखेला पोचला. कंत्राटदाराने सहा तारखेला चेक बँकेत टाकला, आठला पैसे जमा झाले, दहाला त्याने रजिस्टर्ड पत्र पाठवले की ही रक्कम आम्ही अंशतः घेतली आहे. त्याचा दावा अवघड झाला. आता उलटा क्रम धरा. सहा तारखेला त्याने ईमेल आणि पत्र पाठवले: ही तडजोड मान्य नाही, चेक खात्यावर धरण्याची परवानगी द्या, उत्तर येईपर्यंत चेक वटवणार नाही. इथे चेक त्याच्याकडे राहिला तरी त्याला स्वीकार म्हणता येणार नाही, कारण नकार लेखी आहे आणि पैसा उचललेला नाही. मात्र तो वर्षभर थांबू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे एप्रिल 2012 पासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. नकार कळवून समोरच्याचे उत्तर न येताच चेक वटवला तर काय, हा भाग धोक्याचा आहे, विशेषतः पत्रात ‘नाहीतर परत करा’ अशी स्पष्ट अट असेल तेव्हा. नकार आधीचा असल्याने बाजू सांगता येते, पण समोरचा वकील कलम 8 वाचून दाखवणारच.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. चेकच्या मागे ‘निषेध नोंदवून स्वीकारला’ असे लिहून तो बँकेत टाकला की आपण सुरक्षित, असे अनेकांना वाटते. बँक ते वाचत नाही, आणि चेक देणाऱ्याच्या हाती तो बऱ्याचदा परत येतही नाही. नकार देणाऱ्यापर्यंत पोचला हे दाखवणारा कागद नसेल तर त्या ओळीचा उपयोग जवळजवळ शून्य.

निकालांची दिशा पुढे पुन्हा थोडी वळली, पण वेगळ्या दाराने. 2008 मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या प्रकरणात न्यायमूर्ती रवींद्रन यांनी विमा कंपन्यांच्या एका सवयीवर बोट ठेवले. नुकसान सोसलेला, बँकेचे व्याज अंगावर घेतलेला उद्योजक पैशासाठी ताटकळत असतो. कंपनी म्हणते, आधी पूर्ण समाधानाच्या पावतीवर सही करा, मग रक्कम सुटेल. ही सही खुशीची धरायची का? न्यायालयाचे उत्तर असे की आर्थिक दडपणाखाली घेतलेल्या पावतीने तक्रारीचा हक्क आपोआप संपत नाही. 2015 मध्ये विमा नियामकानेही परिपत्रक काढून सांगितले की अशा पावतीचा वापर दावेदाराचा पुढचा मार्ग बंद करण्यासाठी करू नये. पण त्याच सुमारास, जीनस पॉवर या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू घट्ट केली: दडपण होते असे नुसते म्हणून भागत नाही. सहीनंतर लगेच तक्रार केली का, पत्रव्यवहारात कुठे काही दिसते का, पैशाची निकड होती याचा पुरावा काय, हे सगळे पाहिले जाते. तीन आठवडे गप्प बसून मग वकिलाच्या सल्ल्याने सुचलेले दडपण न्यायाधीश बरोबर ओळखतात.

दडपणाचा हा मुद्दा इंग्लंडला नवा नव्हता. 1965 मध्ये डी अँड सी बिल्डर्स विरुद्ध रीस या खटल्यात एका छोट्या बांधकाम पेढीचे 482 पौंड येणे होते आणि पेढी डबघाईला आली होती. ग्राहकाच्या बायकोने 300 पौंडांचा चेक पुढे केला, घ्यायचा तर पुऱ्या हिशेबात घ्या नाहीतर काही मिळणार नाही असे बजावले आणि तशी पावती लिहून घेतली. लॉर्ड डेनिंग यांनी बिल्डरच्या बाजूने निकाल दिला. समोरच्याची अडचण माहीत असताना त्याच्या गळ्यावर पाय ठेवून मिळवलेली संमती त्यांना संमती वाटली नाही. आपल्याकडे कंत्राटदाराची बाजू मांडताना हाच धागा कामी येतो. तीन लाख दहा हजारांबद्दल मालकाचा कधीच वाद नव्हता, वाद फक्त उरलेल्या रकमेचा होता, हे आधीच्या मोजमापाच्या वहीत किंवा ईमेलमध्ये सापडले, तर मान्य रक्कम अडवून ठेवून वादाची रक्कम सोडायला लावली असे म्हणता येते. सगळेच बिल पहिल्यापासून वादात असेल, तर तोच चेक खऱ्या तडजोडीसारखा दिसू लागतो.

आता पैसे चेकऐवजी नेफ्टने येतात आणि गणित पुन्हा हलले आहे. चेक वटवायचा की नाही हे घेणाऱ्याच्या हातात होते, म्हणून 2006 च्या निकालाला ती कृती पकडता आली. नेफ्टची रक्कम न विचारता खात्यात पडते, ‘फुल अँड फायनल’चा ईमेल मागाहून वाचला जातो. इथे वटवण्यासारखी कृतीच नाही, म्हणून ईमेल पाहिल्यावर घेणारा काय करतो हे पाहावे लागेल. त्याच दिवशी लेखी नकार, रक्कम परत पाठवण्याची तयारी आणि परत न घेतल्यास ती खात्यावर धरू अशी सूचना, एवढे असेल तर स्वीकार सिद्ध करणे समोरच्याला जड जाईल. पण महिनाभर पैसे वापरून, नव्या ऑर्डरची बोलणी करून, मग वर्षअखेरीच्या हिशेबात बाकीचे बिल पाठवणाऱ्याला कलम 63 मधले ते दोन हजारांचे उदाहरण ऐकून घ्यावे लागेल.