एक्केचाळीस मेल, तीन ओळी

मंगळवार, १७ तारीख, सकाळचे साडेनऊ. चाकणच्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकीय संचालक विमानतळाकडे निघाल्या आहेत. त्यांच्या फोनवर एक मेल येतो: "मॅडम, प्लीज खालचा ट्रेल बघा आणि मार्गदर्शन करा." खाली सहा विभागांनी आठ दिवसांत एकमेकांना लिहिलेले एक्केचाळीस मेल. निर्णय आजच हवा आहे, पण ते कुठेच लिहिलेलं नाही.

हा कारखाना उदाहरणासाठी रचलेला आहे. मात्र अशी साखळी ज्या कचेरीत येत नाही, अशी कचेरी आज शोधून सापडणार नाही. ती वाचून तीन ओळींत मांडण्याचं काम बहुधा स्वीय सहायकाकडे किंवा एखाद्या तरुण व्यवस्थापकाकडे येतं आणि ते कसं करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून हे एकच प्रकरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

प्रकरण असं. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून पंप बॉडीची २,६०० कास्टिंग आली. मशिनिंग झाल्यावर काही नगांत ब्लो होल, म्हणजे ओतकामात हवा अडकून राहिलेली छिद्रं, दिसली. ग्राहकाला २,००० नग शुक्रवारी, २० तारखेला हवे आहेत. सोमवारी ९ तारखेला गुणवत्ता विभागाने पहिला मेल टाकला आणि तिथून खरेदी, उत्पादन, विक्री, लेखा आणि फाउंड्री असे सगळे त्यात उतरले.

घाईत असलेला माणूस सर्वांत वरचा, म्हणजे ताजा मेल वाचतो आणि त्यावरून मागचा अंदाज बांधतो. इथे ताज्या मेलमध्ये विक्री विभागाने लिहिलं आहे, "१२ टक्के रिजेक्शन आहे, तरी ग्राहक तयार आहे, माल सोडावा." या एका वाक्यात दोन गफलती आहेत आणि साखळी तळापासून वाचल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

म्हणून वाचन तळातून सुरू करावं. जवळ एक कागद घ्यावा आणि त्यावर तारीख, कोण म्हणालं, काय म्हणालं आणि ते नंतर बदललं का, एवढ्या चार रकान्यांत टिपत जावं. "नोटेड", "धन्यवाद", "कृपया लक्ष घालावे" असे मेल गळून पडतात. या साखळीत शेवटी कागदावर जेमतेम दहा-अकरा मेल उरतात.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या मेलमधले १२ टक्के हे ३०० नगांच्या तपासणीतले, त्यांत ३६ खराब निघाले होते. गुरुवारी पूर्ण लॉट तपासून झाला तेव्हा २,६०० पैकी २३४, म्हणजे ९ टक्के नग बाद झाले. तो आकडा एका जोडलेल्या फाइलमध्ये होता. मेलला रिप्लाय केला की जोडलेली फाइल सहसा पुढे जात नाही, म्हणून त्यानंतरचे सगळे जुनेच १२ टक्के लिहीत राहिले. तारखांचंही तसंच. शुक्रवारी फाउंड्रीने "बदली माल सोमवारपर्यंत देतो" असं लिहिलं, सोमवारी त्याचं "गुरुवारी, १९ तारखेला" झालं. म्हणून वार टिपताना शेजारी तारीख लिहायची, नाहीतर कोणता सोमवार ते दोन दिवसांनी कळत नाही.

साखळीला फांद्याही फुटतात. कोणीतरी कालच्या मेलऐवजी चार दिवसांपूर्वीच्या मेलला उत्तर देतं, कोणीतरी दोन नावं सीसीतून काढतं, आणि मग एक संभाषण बाजूला वेगळंच चालू राहतं. उरलेल्या २,३६६ नगांची बाहेरच्या प्रयोगशाळेत लीक टेस्ट करून घ्यायची तर नगाला १८० रुपये लागतात, म्हणजे सुमारे ४.२६ लाख. त्यातला निम्मा खर्च सोसायची तयारी फाउंड्रीने लेखी कळवली आहे. पण तो मेल फक्त खरेदी आणि लेखा विभागात फिरतो आहे, मॅडमना आलेल्या ट्रेलमध्ये तो नाही. अशा फांद्या शोधायचा सोपा उपाय म्हणजे मेलबॉक्समध्ये विषयाऐवजी प्रत्येक प्रमुख व्यक्तीच्या नावाने शोध घेणं, आणि संबंधित विभागांना विचारणं की याखेरीज तुमच्यात काही मेल झाले आहेत का.

आता लिहायला बसायचं. इथे बहुतेक सारांश फसतात, कारण लिहिणारा घडलेली गोष्ट क्रमाने सांगायला लागतो: "पंप बॉडीच्या लॉटमध्ये ब्लो होल आढळले. फाउंड्रीशी चर्चा सुरू असून बदली माल अपेक्षित आहे. सर्व विभाग समन्वयाने काम करत आहेत." यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हे वाचून मॅडमनी काय करायचं? त्या "ठीक आहे" म्हणून फोन खाली ठेवतील आणि संध्याकाळ उलटून जाईल. वरिष्ठाला साखळीचा इतिहास नको असतो, आपल्याकडून काय हवं आहे ते हवं असतं.

म्हणून पहिली ओळ निर्णयाची: काय ठरवायचं आणि कधीपर्यंत. दुसरी ओळ प्रत्येक पर्यायाला काय पडतं याची. तिसरी ओळ कोणाचा कल कुठे आहे आणि कोणाचा विरोध का आहे याची. आपल्या प्रकरणात ती अशी होईल:

१. निर्णय हवा, आज सायं. ५ पर्यंत: पंप बॉडीचे २,३६६ नग लीक टेस्ट करून २० तारखेलाच द्यायचे, की बदली कास्टिंगची वाट पाहून २५ ला?

२. टेस्टचा खर्च ४.२६ लाख, निम्मा फाउंड्री देणार (लेखी आहे). थांबल्यास विक्री विभागाच्या अंदाजाने दिवसाला २ लाख दंड, पण कराराशी ताडून पाहिलेलं नाही.

३. खरेदी, उत्पादन, विक्री: टेस्ट करून पाठवा. गुणवत्ता प्रमुखांचा विरोध: पृष्ठभागाखालची छिद्रं नंतर उघडू शकतात, ग्राहकाची लेखी संमती हवी, सध्या होकार फोनवरचाच आहे.

पाच वाजताची वेळ कोणत्याही मेलमध्ये आयती लिहिलेली नाही. ती मागे मोजत जाऊन काढावी लागते. प्रयोगशाळा दिवसाला १,२०० नग तपासते, म्हणजे १८ आणि १९ असे दोन दिवस हवेत. १९ च्या रात्री गाडी निघाली तर २० ला माल पोहोचतो. १८ ला सकाळी टेस्ट सुरू व्हायची तर ऑर्डर आज संध्याकाळी गेली पाहिजे. २५ तारीखही तशीच निघते. बदली माल १९ ला येणार, पुढे मशिनिंगला कामाचे चार दिवस, मध्ये रविवार, वर एक दिवस वाहतुकीचा.

दुसऱ्या ओळीतला "पण कराराशी ताडून पाहिलेलं नाही" हा तुकडा जागा वाचवण्यासाठी कोणीही पहिल्यांदा कापेल. तो कापू नये. दंड करारातल्या कोणत्या कलमाखाली लागतो, असं लेखा विभागाने विचारलं होतं. त्या मेलला उत्तर आलेलं नाही. अंदाज आणि पक्का आकडा कागदावर सारखेच दिसतात, त्यांतला फरक दाखवणारे शब्द तेवढे लहान असतात. लहान म्हणूनच ते आधी उडतात.

तिसऱ्या ओळीला धोका त्याहून मोठा. तीन विभाग एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल, तर "सर्वसाधारण मत टेस्ट करून पाठवण्याचं आहे" असं लिहिण्याचा मोह होतो. निरोप वर जाताना विरोध गळून पडला की काय होतं, याचं दुःखद उदाहरण १९८६ सालचं आहे. २७ जानेवारीच्या संध्याकाळी चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटचे भाग बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी इतक्या थंडीत उड्डाण करू नका, असं सांगितलं होतं. कंपनीने सुरुवातीला ५३ अंश फॅरनहाइटखाली उड्डाण नको, अशी लेखी शिफारसही दिली होती. दुसऱ्या दिवशी यान उडालं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने नोंदवलं, की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना ती सुरुवातीची शिफारस आणि अभियंत्यांचा कायम राहिलेला विरोध माहीतच नव्हता. पंप बॉडीत कोणाचा जीव टांगलेला नसेलही, पण गळतीची रीत तीच आहे. विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्या कारणासकट वर गेलं पाहिजे.

म्हणून पाठवण्याआधी एक फोन करावा, तोही ज्याचं मत अल्पमतात आहे त्याला. "सर, तुमचं म्हणणं मी असं लिहिलंय, बरोबर आहे का?" इथे गुणवत्ता प्रमुख एखादा शब्द बदलतील, पण नंतर "मी हे म्हणालोच नव्हतो" असं होणार नाही. दुसरी तपासणी स्वतःच करता येते: खालचा ट्रेल न उघडता, फक्त तीन ओळींवर एका वाक्यात उत्तर देता येतंय का? येत नसेल तर पहिली ओळ चुकली आहे.

मेलचा विषयही बदलावा. आठ दिवस चाललेलं "पंप बॉडी रिजेक्शन" काढून "निर्णय हवा, आज सायं. ५: पंप बॉडी" लिहावं, कारण बंद फोनच्या पडद्यावर विषय आणि पहिले काही शब्दच दिसतात. ट्रेल मात्र खाली तसाच ठेवावा आणि बाजूच्या फांदीतला फाउंड्रीचा मेल व गुरुवारची फाइल पुन्हा जोडावी. विन्स्टन चर्चिल यांनी ९ ऑगस्ट १९४० रोजी ऐन युद्धात आपल्या मंत्रालयांना थोडक्यात लिहिण्याबद्दल टिपण पाठवलं होतं, त्यातही मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत आणि सविस्तर तपशील परिशिष्टात, अशीच मांडणी सांगितली होती.

काही साखळ्या तीन ओळींत बसवू नयेत. कोणावर गैरवर्तनाचा आरोप असेल, किंवा प्रकरण न्यायालयात जाण्याची चिन्हं असतील, तर "हे मेलवर ठरवण्यासारखं नाही, दहा मिनिटं हवीत" हीच योग्य ओळ. एका साखळीत दोन स्वतंत्र निर्णय अडकले असतील, तर दोन वेगळे मेल करावेत; नाहीतर एकाचं उत्तर येतं आणि दुसरा तसाच राहतो.

आपल्या मॅडमचं उत्तर विमानतळावरून आलं: "टेस्टची ऑर्डर आत्ताच द्या. पण ग्राहकाची लेखी संमती आल्याशिवाय गाडी सोडू नका. बदली मालाचं काम थांबवू नका." पहिल्या ओळीत दोनच पर्याय होते, त्यांनी तिसरा काढला. तो त्यांना सुचला, कारण तिसऱ्या ओळीत गुणवत्ता विभागाचा आक्षेप कारणासह होता. नुसतं "सर्वसाधारण मत" गेलं असतं, तर उत्तर "ओके" आलं असतं आणि गाडी सुटली असती.

यानंतरही एक काम उरतं. ते उत्तर त्याच साखळीत, फांदीतल्या लोकांसकट सर्वांना, तीन कामं आणि प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव व वेळ लिहून परत पाठवायचं: टेस्टची ऑर्डर खरेदी विभागाने आज पाचपर्यंत, लेखी संमती विक्रीने १९ ला दुपारी बारापर्यंत, बदली मालाचा पाठपुरावाही खरेदीने. त्याशिवाय बेचाळिसावा मेल येतो आणि त्यात कोणीतरी पुन्हा १२ टक्के लिहिलेले असतात.