उंच चालक, दुखरी कंबर आणि गाडीची निवड: पाच गैरसमज

उंची सहा फुटांच्या वर, त्यात कंबरेचं दुखणं. असा माणूस गाडी घ्यायला निघाला की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘मोठी एसयूव्हीच घे’, ‘टॉप मॉडेल घे’, ‘पाठीला उशी लावली की झालं.’ यातले बहुतेक सल्ले गाडीकडे बघून दिलेले असतात, चालकाकडे बघून नव्हे. चालकाचं बूड, टाच, हात आणि डोळे यांना गाडी नेमकी कुठे बसवते, यावर कंबरेचं भवितव्य ठरतं.

गैरसमज १: उंच माणसाला एसयूव्हीच लागते.

वस्तुस्थिती: बाहेरून दिसणारी उंची आणि डोक्यावर मिळणारी जागा यांचा थेट संबंध नाही. ह्युंदाई क्रेटाची उंची १,६३५ मिलिमीटर आहे, तर तिच्याहून कितीतरी स्वस्त असलेल्या वॅगन-आरची १,६७५. वॅगन-आर जमिनीला अधिक जवळ असूनही छत वर आहे. एसयूव्हीची बरीचशी उंची गाडीच्या पोटाखाली खर्च होते. लॅडर फ्रेमवर बांधलेल्या गाडीत तर पायाखालची फरशीही वर येते. मग सीट आणि फरशी यांतलं अंतर कमी होऊन गुडघे वर उचलले जातात आणि मांडीखाली आधार उरत नाही.

शिवाय सगळे उंच लोक एकाच मापाचे नसतात. सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटिमीटर उंचीचे दोघे घ्या. भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर ताठ बसवून बैठकीपासून डोक्यापर्यंत मोजलं, तर एकाचं माप ९३ भरेल आणि दुसऱ्याचं ९८. पहिला लांब पायांचा. त्याला सीट मागे सरकायला हवी. दुसरा लांब धडाचा. त्याला छत वर हवं. या दुसऱ्याने सनरूफ नसलेलं व्हेरिएंटही बसून पाहावं, कारण सनरूफची चौकट डोक्यावरचे काही सेंटिमीटर खाते. टॉप मॉडेलपेक्षा खालचं मॉडेल त्याला सोयीचं पडू शकतं.

गैरसमज २: सीट पार मागे गेली की जागा पुरली.

वस्तुस्थिती: पाय सुटले, पण हात? लांब पायांच्या त्या गृहस्थांचंच उदाहरण पुढे नेऊ. त्यांनी सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे घेतली. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहतोय, म्हणजे पायांचं अंतर बरोबर. आता खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. इथे ते सहा सेंटिमीटर अलीकडेच राहतं. अशा वेळी माणूस नकळत पुढे सरकतो, कंबर सीटच्या पाठीपासून सुटते आणि पुढचे दोन तास तो पोक काढून गाडी हाकतो.

यावर उपाय आहे पुढे-मागे सरकणारं, म्हणजे टेलिस्कोपिक स्टिअरिंग. ते चार-पाच सेंटिमीटर जवळ आलं आणि सीटची पाठ एक खाच पुढे घेतली की हिशेब जुळतो. अनेक परवडणाऱ्या गाड्यांत स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं. उंच माणसाने माहितीपत्रकात सनरूफच्या आधी ही एक ओळ शोधावी. मात्र छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहू द्यावं. एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते.

गैरसमज ३: कंबर दुखते, तर काटकोनात ताठ बसावं आणि सीट मऊ असावी.

वस्तुस्थिती: स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराविना बसल्यावर तो उभं राहिल्यापेक्षा जास्त भरला. पाठ थोडी मागे कलली आणि कंबरेला आधार मिळाला की दाब उतरतो, हे पुढच्या मोजमापांत दिसलं. म्हणून सीटची पाठ बैठकीशी साधारण १०० ते ११० अंशांत ठेवावी. त्याहून मागे गेली की मान पुढे येते.

फार मऊ सीटमध्ये बूड खाली रुतून मागे कलंडतं आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. पहिली पाच मिनिटं ती छान वाटते, दुखणं नंतर सुरू होतं. कंबरेचा आधार पट्ट्याच्या रेषेत यावा. आधार वर-खाली होत नसेल, तर उंच माणसाला तो बऱ्याचदा जरुरीपेक्षा खाली पडतो. वेगळी उशी लावायची तर पातळ लावावी. जाड उशी धड पुढे ढकलते आणि कमावलेली जागा परत जाते. बुडाखालची उशी तर डोकं छताला नेऊन भिडवते.

गैरसमज ४: ऑटोमॅटिक घेतली की पायांचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: क्लचचा ताप जातो हे खरं, आणि पुण्या-मुंबईच्या रहदारीत तो फायदा मोठा आहे. पण पेडल कुठे आहेत हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. छोट्या गाड्यांत उजव्या चाकाची कमान पायाजवळ आत घुसते, त्यामुळे पेडल डावीकडे सरकवलेले असतात. परिणामी खांदे समोर आणि पाय तिरके. एवढा पीळही लांबच्या प्रवासात एकाच बाजूची कंबर धरायला पुरेसा असतो.

हे ओळखणं सोपं आहे. सीटवर सरळ बसून डोळे मिटा, दोन्ही पाय सहज पुढे टाका आणि मग खाली पाहा. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या आसपास पडायला हवा. तो दाराकडच्या रिकाम्या जागेत पडला, तर पेडल सरकलेले आहेत. डाव्या पायाला टेकायला डेड पेडल आहे का, आणि उजवा पाय ब्रेकवर नेताना गुडघा स्टिअरिंगला घासतो का, हेही तेव्हाच पाहावं.

गैरसमज ५: उंच माणसाला रस्ता चांगलाच दिसतो.

वस्तुस्थिती: बुटक्या चालकाला बॉनेट आडवं येतं, उंच चालकाला छत. डोळे काचेच्या वरच्या कडेजवळ आले की सिग्नल पाहायला मान वाकवावी लागते. आतला आरसा नेमका डोळ्यांसमोर येऊन डावीकडचा दुचाकीस्वार झाकतो. सीट मागे गेल्याने दारामागचा खांब खांद्याजवळ येतो आणि चौकात उजवीकडे पाहताना वळून डोकावावं लागतं. दुखऱ्या कंबरेला हे वळणंच नको असतं.

म्हणून उंची बदलणारी सीट असेल तर ती आधी सर्वांत खाली घ्यावी. डोक्यावर चार बोटं जागा राहिली पाहिजे. मांडी अधांतरी वाटली, तरच सीट थोडी वर करावी. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या टोकाला जमेल तितकी जवळ यावी. सीटलाच जोडलेला हेडरेस्ट उंच माणसाच्या मानेशीच संपतो, आणि मागून धडक बसल्यावर तो निरुपयोगी ठरतो.

शोरूममध्ये तपासण्याचा क्रम असा ठेवावा: आधी पाय, मग पाठ, मग हात, शेवटी डोळे आणि डोकं. हात जुळवताना पाय बिघडले, तर ती गाडी आपल्या मापाची नाही. टेस्ट ड्राइव्ह किमान अर्ध्या तासाची मागावी आणि त्यात खडबडीत रस्ता व गर्दीचा चौक दोन्ही घ्यावेत. उतरल्यावर कंबर आखडली असेल, तर दुसरी गाडी पाहावी. पण पायात मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलायला जड जात असेल, तर शोरूमआधी डॉक्टर गाठावा.